'त्यांनी' म्हणजे नक्की कोणी? तिघांच्या दस्तातील सर्वनामांविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जमिनीचे साठेखत, विकसन करार, वाटपपत्र अशा दस्तांत दोनऐवजी तीन-चार बाजू असल्या की 'त्यांनी', 'त्यांना', 'ती रक्कम', 'सदर मिळकत', 'तसे न केल्यास' या शब्दांवरून भांडणे उभी राहतात. मसुदा तयार होत असताना आणि सह्या झाल्यावर लोक जे प्रश्न विचारतात, त्यांची उत्तरे इथे दिली आहेत. उदाहरण म्हणून तीन बाजूंचे मराठी साठेखत घेतले आहे. त्यातील माणसे, जमीन आणि आकडे समजावण्यासाठी रचलेले आहेत.

दोघांच्या दस्तात ही अडचण का येत नाही?

येते, पण कमी. एक देणारा आणि एक घेणारा असेल तर 'त्यांनी पैसे द्यावेत' म्हटल्यावर पैसे कोण देणार हे व्यवहारावरूनच कळते. तिसरी बाजू आली की हा आधार सुटतो. साठेखतात ही तिसरी बाजू बहुतेक वेळा 'मान्यता देणार' किंवा 'संमती देणार' असते. ती म्हणजे जमिनीवर आधी साठेखत करून इसार दिलेला माणूस, हक्क सोडणारी बहीण किंवा कुलमुखत्यारपत्र घेतलेला मध्यस्थ. या माणसाला काही पैसे मिळायचे असतात आणि त्याने काही करूनही द्यायचे असते. म्हणजे तो एका वाक्यात घेणारा असतो आणि पुढच्याच वाक्यात देणारा होतो.

मराठीत 'त्यांनी' हा शब्द एवढा धोक्याचा का?

मराठीत आदरार्थी बहुवचन आणि खरे बहुवचन यांचे रूप एकच आहे. 'त्याने' आणि 'तिने' यांत निदान पुरुष की स्त्री हे कळते. 'त्यांनी'मध्ये तेही पुसले जाते. एक वडीलधारे गृहस्थ, तीन भाऊ, पती-पत्नी, एखादी सहकारी संस्था या सगळ्यांसाठी 'त्यांनी'च. दस्तात कोणाचाही एकेरी उल्लेख करायचा नाही ही आपली रीत चांगलीच आहे, पण तिच्यामुळे सगळ्या बाजू एकाच सर्वनामात येऊन बसतात.

वस्तूंच्या बाबतीत वेगळे घडते. मराठीत नामाला लिंग असल्यामुळे 'तो', 'ती', 'ते' यांवरून वस्तू ओळखता यायला हवी. पण दस्तातली नामे पाहा. जमीन, मिळकत, रक्कम, मुदत, पावती, मोजणी, परवानगी, नोंद, नोटीस ही सगळी स्त्रीलिंगी. मोबदला, बोजा, ताबा, हप्ता, हिस्सा, करार, दाखला ही सगळी पुल्लिंगी. त्यामुळे 'ती मिळाल्यानंतर' असे लिहिले तर रक्कम मिळाल्यानंतर, परवानगी मिळाल्यानंतर की नोटीस मिळाल्यानंतर, हे लिंगावरून ठरत नाही. ताब्याची तारीख त्या 'ती'वर अवलंबून असेल तर या तीन अर्थांत काही महिन्यांचे अंतर पडू शकते.

प्रत्यक्षात असे कलम कसे दिसते?

दोन भाऊ आणि त्यांची विवाहित बहीण वडिलोपार्जित जमीन विकत आहेत. मोबदला ६० लाख रुपये ठरला. खरेदीदार पती-पत्नी इसार म्हणून १० लाख देत आहेत, म्हणजे ५० लाख बाकी. याच जमिनीचे पूर्वी एका गृहस्थांशी साठेखत झाले होते. त्यांनी त्या वेळी दिलेले ५ लाख त्यांना परत करायचे आहेत, म्हणून ते 'मान्यता देणार'. जमिनीवर विकास सोसायटीच्या पीककर्जाचा ४ लाखांचा बोजा आहे आणि सातबाऱ्यावर इतर हक्कात त्याची नोंद आहे. आता मसुद्यातले कलम वाचा:

"लिहून घेणार यांचेकडून इसाराची रक्कम मिळालेपासून ३० दिवसांचे आत लिहून देणार यांनी मान्यता देणार यांचा हिशेब पूर्ण करावा व त्यांनी सदर मिळकतीवरील सोसायटीचा बोजा कमी करून त्याचा दाखला त्यांना द्यावा. तसे न केल्यास ती रक्कम त्यांचे उर्वरित मोबदल्यातून वजा करण्याचा त्यांना अधिकार राहील."

सहज वाचले तर यात काही खटकत नाही, कारण वाचणाऱ्याला व्यवहार माहीत असतो आणि तो रिकाम्या जागा मनातल्या मनात भरतो. व्यवहार माहीत नसलेल्या माणसासारखे वाचले की चित्र बदलते.

पहिला 'त्यांनी' घ्या. बोजा कोणी कमी करायचा? विक्रेत्यांनी, असे वाटते, कारण कर्ज त्यांच्या नावावर आहे. पण मराठीत कर्ता तोच असेल तर आपण तो पुन्हा सांगत नाही. 'विक्रेत्यांनी हिशेब पूर्ण करावा व बोजा कमी करावा' एवढे पुरते. मध्ये 'व त्यांनी' आले की कान नवा कर्ता शोधतो आणि सर्वांत जवळ सापडतात ते मान्यता देणार. समजा पूर्वीच्या साठेखतात 'सोसायटीचे कर्ज घेणार भरतील' अशी अट होती. मग विक्रेत्यांचे वकील हाच धागा पकडणार: हिशेब आम्ही मिटवायचा आणि बोजा मान्यता देणाऱ्यांनी उतरवायचा, असेच ठरले होते. व्याकरण त्यांच्या बाजूने आहे आणि व्यवहाराची रीत विरुद्ध बाजूने. दोन्ही वाचने प्रामाणिकपणे करता येतात, म्हणूनच हे कलम वाईट आहे.

'त्याचा दाखला' कशाचा? बोजा आणि हिशेब हे दोन्ही शब्द पुल्लिंगी. सोसायटीचा बेबाकी दाखला की हिशेब मिटल्याची लेखी पोच? आणि 'त्यांना' म्हणजे खरेदीदारांना की विक्रेत्यांना? बोजा मान्यता देणाऱ्यांनी उतरवायचा असेल तर दाखला विक्रेत्यांना द्यायचा, हेही तितकेच सरळ वाचन आहे. शिवाय ३० दिवसांची मुदत 'व'च्या अलीकडच्या कामाला आहे की दोन्ही कामांना, हे कुठेच नाही.

सर्वांत मोठा घोटाळा 'ती रक्कम'मध्ये आहे. संपूर्ण कलमात 'रक्कम' हा शब्द त्याआधी एकदाच आला आहे, तो म्हणजे 'इसाराची रक्कम'. शब्दशः वाचले तर विक्रेत्यांनी बोजा उतरवला नाही की खरेदीदार १० लाख वजा करून ४० लाखच देऊ शकतात. बोजा मात्र ४ लाखांचा आहे! ठरले असेल ते कदाचित ४ लाख वजा करून ४६ लाख देण्याचे. हिशेबाचे ५ लाख धरले तर ४५ लाख, दोन्ही धरले तर ४१ लाख. एका 'ती'मुळे देणे ४० ते ४६ लाखांमध्ये कुठेही जाऊन पडते.

शेवटचे 'त्यांचे उर्वरित मोबदल्यातून' आणि 'त्यांना अधिकार राहील' हे मात्र मी फार मोठे दोष धरत नाही. उर्वरित मोबदला विक्रेत्यांनाच मिळायचा आहे आणि वजावट देणाराच करू शकतो, म्हणून अर्थ ठरतो. प्रत्येक सर्वनाम संशयास्पद नसते. एकाहून अधिक अर्थ व्यवहारात खरोखर शक्य आहेत का, एवढेच पाहायचे.

मग हेच कलम कसे लिहायचे?

आधी बाजूंची नावे बदला. 'लिहून देणार' आणि 'लिहून घेणार' ही नावे दिसायला जवळजवळ सारखी आहेत. टंकलेखनात 'दे'च्या जागी 'घे' पडला तरी वाक्य बिनचूक दिसते. 'विक्रेते', 'खरेदीदार' आणि 'पूर्वीचे साठेखतधारक' असे म्हटले तर नावातूनच भूमिका कळते. मग एका वाक्यात एकाच बाजूचे काम ठेवून खंड पाडा:

१. विक्रेत्यांनी इसाराचे १० लाख रुपये मिळाल्याच्या तारखेपासून ३० दिवसांत पूर्वीच्या साठेखतधारकांना ५ लाख रुपये परत करावेत. पूर्वीच्या साठेखतधारकांनी या ५ लाख रुपयांची पावती विक्रेत्यांना द्यावी व पावतीची प्रत खरेदीदारांना द्यावी.

२. विक्रेत्यांनी खंड १ मधील ३० दिवसांच्या मुदतीतच सोसायटीचे ४ लाख रुपयांचे कर्ज व्याजासह फेडावे आणि सोसायटीचा बेबाकी दाखला खरेदीदारांना द्यावा.

३. विक्रेत्यांनी खंड २ प्रमाणे कर्ज फेडले नाही तर खरेदीदार ते कर्ज थेट सोसायटीत भरू शकतील आणि प्रत्यक्ष भरलेली रक्कम, विक्रेत्यांना द्यावयाच्या उर्वरित ५० लाख रुपयांतून वजा करू शकतील.

तिसऱ्या खंडात 'ते कर्ज' ठेवले आहे, कारण तिथे कर्ज एकच आहे आणि सर्वनामासोबत नामही आहे. नुसते 'ते' ठेवले नसते.

असे लिहायला बसले की आणखी एक गोष्ट उघडी पडते. विक्रेत्यांनी ५ लाख परत केलेच नाहीत तर काय? जुन्या कलमातल्या 'तसे न केल्यास'मध्ये हा प्रश्न झाकला गेला होता. 'तसे' म्हणजे हिशेब, बोजा, दाखला यांपैकी काय, हे कोणी ठरवलेच नव्हते. ते ५ लाख खरेदीदारांनी थेट पूर्वीच्या साठेखतधारकांना द्यायचे की व्यवहार थांबवायचा, हे तिन्ही बाजूंनी समोरासमोर बसून ठरवायला हवे. पुष्कळदा मसुद्यातले सर्वनाम अस्पष्ट असते, कारण बोलणीच तिथे अर्धवट राहिलेली असतात.

'ती रक्कम'ऐवजी 'सदर रक्कम' लिहिले तर नेमकेपणा येतो ना?

येत नाही. 'सदर', 'सदरहू', 'उक्त', 'वरील' हे शब्द कायदेशीर वाटतात, पण काम सर्वनामाचेच करतात. 'सदर' म्हणजे मागे सांगितलेले. मागे दोन रकमा सांगितल्या असतील तर 'सदर रक्कम'ही 'ती रक्कम' इतकीच अधांतरी राहते. दोन गटांतली जमीन एकाच दस्तात असेल तर 'सदर मिळकत'ने दोन्ही गट धरायचे की शेवटी आलेला एक, यावर वाद होतो. यावर उपाय असा: मिळकतीचे वर्णन करतानाच, म्हणजे गट नंबर, क्षेत्र, आकार, चतुःसीमा लिहून झाल्यावर, 'यापुढे या दोन्ही गटांतील जमिनींना मिळून "विक्रीची मिळकत" म्हटले आहे' असे नाव द्या आणि शेवटपर्यंत तेच नाव वापरा. मध्येच 'सदर जमीन', पुढे 'उक्त मिळकत' असे शब्द बदलू नका. निबंधात पुनरुक्ती टाळतात, दस्तात ती हवीच असते.

आमच्याकडे जुन्या पद्धतीने 'आम्ही' आणि 'तुम्ही' असा दस्त लिहितात. ते चालेल का?

दोघांच्या खरेदीखताला ही पद्धत उत्तम आहे. देणारा पहिल्या ओळीपासून 'आम्ही', घेणारा 'तुम्ही', घोटाळा व्हायला जागाच नाही. त्या भाषेत एक थेटपणाही आहे, जो आजच्या 'यांचेकडून-यांचेप्रमाणे'मध्ये हरवला. पण मान्यता देणारा आला की तो 'ते' होतो. पुढे त्याच्या मान्यतेचा परिच्छेद येतो, तिथे तोच 'आम्ही' म्हणून बोलू लागतो: 'या व्यवहारास आमची संमती असून आम्ही भविष्यात कोणताही हक्क सांगणार नाही.' हा 'आम्ही' विक्रेते की मान्यता देणारे? परिच्छेदाच्या सुरुवातीला 'आम्ही, मान्यता देणार' असे स्पष्ट लिहिले नसेल तर हक्कसोडीचे वाक्यच लंगडे पडते. तिघांच्या दस्तात आम्ही-तुम्ही टाळा.

'आपल्या खर्चाने' म्हणजे कोणाच्या खर्चाने?

'आपला' हा शब्द सहसा वाक्याच्या कर्त्याकडे जातो. 'विक्रेत्यांनी खरेदीदारांना आपल्या खर्चाने मोजणी करून द्यावी' म्हणजे खर्च विक्रेत्यांचा. यात शंका नाही. 'विक्रेत्यांनी खरेदीदारांना आपल्या खर्चाने मोजणी करू द्यावी' असे लिहिले की मात्र अडचण होते. 'करू द्यावी'चा कर्ता विक्रेते, पण मोजणी करणारे खरेदीदार. 'आपल्या' दोघांकडेही वळू शकतो. फरक फक्त 'करून' आणि 'करू' एवढाच.

'मोजणी आपल्या खर्चाने करण्यात येईल' हे त्याहून वाईट, कारण 'करण्यात येईल' म्हटल्यावर कर्ताच उरत नाही. सरकारी पत्रांतून आलेली ही रचना दस्तात आढळली की 'कोण करणार?' असे समासात लिहून मसुदा परत पाठवा.

एकाच बाजूला तीन विक्रेते आहेत. 'त्यांनी रक्कम परत करावी' म्हणजे प्रत्येकाने आपापला हिस्सा की कोणीही एकाने सगळी?

हा प्रश्न फार लोक विचारत नाहीत आणि नंतर पस्तावतात. भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम ४३ नुसार अनेकांनी मिळून वचन दिले असेल आणि दस्तात वेगळे ठरलेले नसेल, तर समोरचा माणूस त्यांच्यापैकी कोणा एकाकडूनही संपूर्ण पूर्तता मागू शकतो. ज्याने सगळे दिले तो नंतर इतरांकडून त्यांचा वाटा मागू शकतो. म्हणजे आपल्या उदाहरणात व्यवहार मोडला आणि 'विक्रेत्यांनी इसार परत करावा' एवढेच लिहिले असेल, तर बहिणीच्या वाट्याला इसारातले सव्वातीन लाखच आले असले तरी खरेदीदार पूर्ण १० लाख तिच्याकडे मागू शकतात.

तसे नको असेल तर 'प्रत्येक विक्रेत्याची जबाबदारी त्याला किंवा तिला प्रत्यक्ष मिळालेल्या रकमेपुरती राहील' असे लिहावे लागते. तसेच हवे असेल तर 'एकत्रितपणे व स्वतंत्रपणे' असे लिहा. 'प्रत्येकी' हा शब्दही जपून वापरा. 'विक्रेत्यांना प्रत्येकी ५ लाख' आणि 'विक्रेत्यांना ५ लाख' यांत तिघे असतील तर १० लाखांचा फरक आहे.

पैसे घेण्याच्या बाजूलाही हेच. 'त्यांना धनादेशाने दिले' याऐवजी कोणाच्या नावाने किती रुपयांचा धनादेश, हे भरण्याच्या तपशिलात वेगवेगळ्या ओळींवर लिहा.

'एकवचनात अनेकवचन व पुल्लिंगात स्त्रीलिंग समाविष्ट आहे' असे कलम घातले की झाले ना?

त्या कलमाने वचन आणि लिंग यांची तांत्रिक हरकत दूर होते. 'तो' लिहिले म्हणून बहीण सुटली असे कोणी म्हणू शकत नाही. पण 'त्यांनी' म्हणजे तीन बाजूंपैकी कोणती, हे त्यातून कळणे शक्य नाही.

वाद कोर्टात गेला तर आम्ही तोंडी सांगू शकतो का, की आमच्या मनात काय होते?

यावर भिस्त ठेवू नका. लेखी दस्ताच्या अटींविरुद्ध किंवा त्यांत भर घालणारा तोंडी पुरावा सहसा चालत नाही. भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ (१ जुलै २०२४ पासून लागू) च्या कलम ९४ आणि ९५ मध्ये हे आहे. आधीच्या १८७२ च्या कायद्यात तीच कलमे ९१ आणि ९२ होती. पुढे कलम ९६ सांगते की दस्ताची भाषा वरवर पाहताच संदिग्ध किंवा सदोष असेल तर ती उणीव भरून काढायला बाहेरचा पुरावा देता येत नाही. याउलट भाषा स्पष्ट आहे, पण प्रत्यक्षात ती एकाहून अधिक गोष्टींना लागू पडते, अशा वेळी कोणती गोष्ट अभिप्रेत होती हे दाखवणारा पुरावा कलम ९९ खाली देता येतो. कायद्यातलेच उदाहरण म्हणजे 'माझा पांढरा घोडा' विकायचा करार आणि विकणाऱ्याकडे दोन पांढरे घोडे.

'त्यांनी' यांपैकी कोणत्या बाजूला बसतो? दोन्ही म्हणता येते, आणि वकिलांचा युक्तिवाद तिथेच रंगतो. न्यायालय आधी संपूर्ण दस्त एकत्र वाचते आणि इतर कलमांवरून अर्थ लागतो का ते पाहते. दस्ताची भाषा भोवतालच्या परिस्थितीशी कशी जुळते हे दाखवण्याची मुभा कलम ९५ च्या एका परंतुकात आहे. अर्थ कसाही निश्चित करता आला नाही तर करार कायद्याच्या कलम २९ खाली करारच शून्य ठरण्याचा धोका राहतो.

दस्त नोंदवून झाला आणि आता दोष लक्षात आला. काय करावे?

वाद पेटण्याआधी सगळ्या बाजू तयार असतील तर चूक दुरुस्ती दस्त करून तो दुय्यम निबंधकांकडे नोंदवा. त्यात मूळ दस्ताचा क्रमांक, तारीख, जुने कलम जसेच्या तसे आणि त्याच्या जागी येणारे कलम लिहा. मान्यता देणाऱ्यांची सही घ्यायला विसरू नका. ते मूळ दस्तात होते आणि दुरुस्तीने त्यांच्यावरचा भार बदलू शकतो. दुरुस्तीच्या नावाखाली मोबदला किंवा मिळकत बदलली तर तो नवा व्यवहार मानून मुद्रांक शुल्क मागितले जाऊ शकते, म्हणून दुरुस्ती त्या कलमापुरतीच ठेवा.

कोणी सही नाकारली तर विनिर्दिष्ट अनुतोष कायदा, १९६३ च्या कलम २६ खाली दस्त दुरुस्त करून मागता येतो. मात्र तिथे फसवणूक किंवा दोन्ही बाजूंची सामाईक चूक दाखवावी लागते. 'आम्हा सगळ्यांना एकच म्हणायचे होते, लिहिताना चुकले' हे सिद्ध व्हायला हवे. मुळात दोघांच्या मनात दोन अर्थ होते असे निघाले तर हा उपाय लागू पडत नाही. म्हणून सह्यांआधीचे मसुदे, निरोप, हिशेबाचे कागद टाकून देऊ नका.

सही करण्याआधी मसुदा कसा तपासायचा?

मुदत, पैसे, ताबा आणि 'न केल्यास' ही चार प्रकारची कलमे आधी काढा. त्यांतल्या प्रत्येक क्रियापदाला 'कोणी?' आणि 'कोणाला?' विचारा आणि उत्तर त्याच वाक्यात सापडते का ते पाहा. मग मसुदा व्यवहारात नसलेल्या पण वाचता-लिहिता येणाऱ्या माणसाला द्या आणि त्याला तेच प्रश्न विचारा. त्याने 'म्हणजे विक्रेत्यांनीच ना?' असा उलटा प्रश्न केला की तिथे नाव घाला. घरातल्या माणसाला देऊ नका, त्याला उत्तर आधीच माहीत असते.

'त्यांचे पश्चात त्यांचे वारस बांधील राहतील' यात काही बिघडते का?

कलम एकाच बाजूविषयी असेल तर नाही. पण हे वाक्य तिन्ही बाजूंच्या यादीनंतर येते तेव्हा मान्यता देणाऱ्यांचे वारसही बांधील आहेत का, हे वाचणाऱ्यावर सोडले जाते. पूर्वीच्या साठेखतधारकांचे निधन झाले आणि त्यांच्या मुलांनी जुन्या साठेखतावर हक्क सांगितला, तर खरेदीदारांना दाखवायला हेच वाक्य असते. म्हणून प्रत्येक बाजूच्या व्याख्येतच 'या संज्ञेत त्या बाजूचे वारस, मुखत्यार व हक्कधारक यांचा समावेश आहे' असे वेगवेगळे लिहा. विक्रेते तिघे असतील तर एकाच्या निधनानंतर त्याचे वारस उरलेल्या दोघांसोबत जबाबदार राहतात, असे करार कायद्याचे कलम ४२ सांगते. ते नको असल्यास तेही व्याख्येतच, नाव घेऊन, लिहावे लागते.